अहवालातले दोन 'एकूण': तक्त्यात ११,४४५, मजकुरात १०,२१२

सुटे_मणी

एका सामाजिक संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडे भाषा तपासायला आला आहे. देणगीदारांना पाठवायचा आहे आणि चार दिवसांनी छपाईला जाणार आहे. माझं काम खरं तर ऱ्हस्व-दीर्घाचं. पण वाचता वाचता आकड्यांवर अडखळले.

पान नऊवरचा तक्ता असा आहे:

| उपक्रम | संख्या | वाटा |
|---|---|---|
| अभ्यासवर्ग | ४,३१८ | ३७.७% |
| आरोग्य तपासणी | ३,७४६ | ३२.७% |
| समुपदेशन | २,०९४ | १८.३% |
| कौशल्य प्रशिक्षण | १,२८७ | ११.२% |
| एकूण | ११,४४५ | १००% |

बेरीज बरोबर आहे, मी दोनदा केली. पण पान तीनवर लिहिलंय, "यंदा आम्ही १०,२१२ व्यक्तींपर्यंत पोहोचलो. गेल्या वर्षीपेक्षा ही १८ टक्के वाढ आहे." त्याच पानावर, "यांतल्या ४२ टक्के व्यक्ती अभ्यासवर्गांत होत्या." अध्यक्षांच्या मनोगतात तर "साडेअकरा हजारांहून अधिक व्यक्ती" आहेत. शिवाय वाट्यांची बेरीज ९९.९ येते आणि खाली १०० छापलंय.

तक्ता खरा धरून मजकूर दुरुस्त करू का? तक्त्याची बेरीज तरी जमते, म्हणून विचारतेय.

नवाचा_पाढा

दोन आकड्यांतला फरक काढा. ११,४४५ वजा १०,२१२ म्हणजे १,२३३. याला नऊने भाग जातो, १३७ वेळा. आम्ही खातेवहीत आयुष्य काढलं, फरकाला नऊने भाग गेला की समजायचं, कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. कुणीतरी टाइप करताना ५४ चे ४५ केले असणार. मूळ नोंदी काढा आणि प्रत्येक ओळ पडताळा, सापडेल.

गवाक्ष

लेखापरीक्षकाची सही झाली आहे ना? मग तक्त्याला हात लावू नका. आमच्याकडेही अस्संच झालं होतं. खर्चाच्या तक्त्यात रकमा लाखांत होत्या: कार्यक्रम १४८.६, प्रशासन १४.२, निधी संकलन ७.९ आणि एकूण १७०.८. एका वाचकाने बेरीज करून १७०.७ येते म्हणून पत्र पाठवलं. आम्ही घाईघाईने पुढच्या प्रतीत १७०.७ केलं, आणि लेखापरीक्षक भडकले.

सुटे_मणी

@गवाक्ष, हा खर्चाचा तक्ता नाही हो, माणसांचा आहे. त्याच्यावर कुणाची सही नाही.

@नवाचा_पाढा काका, संस्थेकडून मूळ फाइल मागवली आहे, चाळते.

पानपुरवणी

असे अहवाल बरीच वर्षं तपासतेय, म्हणून सांगते: अजून काहीच दुरुस्त करू नका. तक्त्याची बेरीज जमते यावरून एवढंच कळतं की तक्ता स्वतःशी खरा आहे. मजकुरातला आकडा खोटा, असा त्याचा अर्थ होत नाही.

काकांचा नऊचा नियम खरा आहे, पण तो उलटा लावता येत नाही. अंकांची अदलाबदल झाली तर फरकाला नऊने भाग जातोच. पण फरकाला नऊने भाग गेला म्हणून अदलाबदल झालीच असं नाही, कारण सरळ मोजत गेलं तरी दर नववी संख्या तशीच निघते. इथे तर एक पाऊल पुढे जाऊन बघता येतं. शेजारच्या दोन अंकांची एकच अदलाबदल असेल तर फरक ९, ९० किंवा ९०० च्या पाढ्यात बसायला हवा, तोही दहापट होण्याआधी. १,२३३ त्यांतल्या एकाही पाढ्यात नाही. एखादी ओळ गळाली असेल म्हणावं तर १,२३३ ची ओळच नाही. सर्वांत जवळची १,२८७ ची, पण ती वगळली तर १०,१५८ उरतात, १०,२१२ नाही.

माझा अंदाज वेगळा आहे. तुमच्या ४२ टक्क्यांकडे बघा. ४,३१८ ला ११,४४५ ने भागलं तर ३७.७ येतात, तक्त्यात आहेत तेच. ४,३१८ ला १०,२१२ ने भागा: ४२.३. म्हणजे पान तीन लिहिणाऱ्याने १०,२१२ हाच छेद धरून टक्केवारी काढली आहे, आणि ती बरोबर काढली आहे. चुकून पडलेल्या आकड्यावर कुणी असा नेटका हिशेब करत नाही. हे दोन एकूण बहुधा दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. संस्थेला "कुठला आकडा खरा" असं विचारू नका. "१०,२१२ कसे मोजले" असं विचारा.

ठोकताळा

मी निधी संकलनात काम करतो, त्या बाजूने सांगतो. देणगीदार तक्ते वाचत नाहीत. त्यांच्या डोक्यात एक आकडा राहतो. तो कुठलाही एक निवडा आणि सगळीकडे तोच टाका. ११,४४५ मोठाही आहे आणि त्याची बेरीजही जमते. प्रश्न मिटला.

सुटे_मणी

पानपुरवणीताई, दंडवत. उपक्रम समन्वयकांशी बोलले. ११,४४५ म्हणजे चारही उपक्रमांच्या नोंदवहीतल्या एकूण ओळी. १०,२१२ म्हणजे त्या ओळींत वेगवेगळी माणसं किती, ते. जो मुलगा अभ्यासवर्गालाही येतो आणि आरोग्य तपासणीलाही, त्याच्या ओळी दोन पण माणूस एक. प्रत्येकाला एक सहभागी क्रमांक दिलेला आहे, त्यावरून मोजलं म्हणाले. मी स्वतः फाइलमध्ये करून पाहिलं, १०,२१२ च आले:

```
=ROWS(UNIQUE(A2:A11446))
```

म्हणजे दोन्ही आकडे खरे! मग आता फक्त मनोगत दुरुस्त करायचं ना?

नवाचा_पाढा

मान्य. नवाचा ताळा बारा आणे खरा निघाला, चार आणे माझे गेले.

पानपुरवणी

@सुटे_मणी, छान काम केलंत. पण मनोगतावर थांबू नका, खरी गडबड आता सुरू होते. दोन खरे आकडे असले की त्यांच्या आजूबाजूची वाक्यं एकाचा आकडा आणि दुसऱ्याचं नाम उचलतात. प्रत्येक आकडा वाचताना तीन गोष्टी विचारा: कशाची संख्या, कुठल्या काळातली, आणि टक्का असेल तर कशापैकी.

१८ टक्के वाढ आधी घ्या. गेल्या वर्षीचा छापील अहवाल मिळवा आणि त्यात काय आहे ते इथे टाका.

सुटे_मणी

मिळाला. त्यात लिहिलंय, "वर्षभरात ९,७०२ व्यक्तींना लाभ." तक्त्यातलं एकूणही ९,७०२ च आहे.

पानपुरवणी

तक्त्याच्या तळाशी तोच आकडा आहे, म्हणजे तेव्हा फक्त ओळी मोजल्या होत्या आणि त्यांना व्यक्ती म्हटलं होतं. आता करा: ११,४४५ भागिले ९,७०२, १.१८. तुमची १८ टक्के वाढ ही ओळींची वाढ आहे. पण वाक्यात ती १०,२१२ व्यक्तींच्या मागे चिकटली आहे. ज्याच्या कपाटात गेल्या वर्षीचा अहवाल आहे तो देणगीदार १०,२१२ ला ९,७०२ ने भागेल आणि त्याला जेमतेम ५.३ टक्के मिळतील. तो म्हणेल, संस्थेने फुगवलं. खरं तर ५.३ सुद्धा चूकच, कारण तो यंदाची माणसं गेल्या वर्षीच्या ओळींशी ताडतोय. पण त्याला ते कसं कळणार?

म्हणून वाढ सांगायची तर ओळींचीच सांगा, आणि ओळींना स्वतःचं नाव द्या. मी 'नोंदणी' म्हणते. "चार उपक्रमांतल्या नोंदण्या ९,७०२ वरून ११,४४५ वर गेल्या, म्हणजे १८ टक्क्यांनी वाढल्या." व्यक्तींचं वाक्य वेगळं: "या नोंदण्या १०,२१२ व्यक्तींच्या आहेत." माणसं किती वाढली हे सांगायला गेल्या वर्षीचीही माणसं मोजावी लागतील.

@ठोकताळा, तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. दर्शनी पानावर एकच आकडा हवा, हे मलाही पटतं. पण तिथे "व्यक्ती" लिहायचं असेल तर तो १०,२१२ च असू शकतो. ११,४४५ व्यक्ती जगात नाहीत.

ठोकताळा

आणि मग तक्त्याखालचे ११,४४५ बघून कुणी फोन केला तर?

पानपुरवणी

म्हणून तक्त्याखाली एक ओळ: "एक व्यक्ती एकाहून अधिक उपक्रमांत असू शकते, त्यामुळे नोंदण्यांची बेरीज व्यक्तींच्या संख्येपेक्षा जास्त आहे." माझ्या अनुभवात त्यावर फोन येत नाहीत. ओळ नसली की येतात.

४२ टक्क्यांचं वाक्य ठेवायला हरकत नाही, ते व्यक्तींपैकी आहे. पण त्याच छेदावर बाकीचे तीन उपक्रमही काढून वर्तुळात रंगवू नका. चौघांची बेरीज ११२ येईल. वर्तुळाकृती आलेख फक्त नोंदण्यांच्या वाट्यांचा काढता येतो.

गवाक्ष

बेरजेवरून आठवलं, त्या ९९.९ चं काय? मी म्हणतो ११.२ चे ११.३ करून टाका. शंभर झाले, विषय संपला. आमचं खर्चाचं प्रकरणही असंच मिटवायला हवं होतं.

पानपुरवणी

नको. १,२८७ भागिले ११,४४५ केलं तर ११.२४५ येतात, त्याचे ११.३ गोल करण्याच्या नेहमीच्या नियमाने होत नाहीत. संख्या शेजारच्याच स्तंभात छापलेली आहे, कुणीही भागून बघेल. प्रत्येक वाटा स्वतंत्रपणे गोल करायचा, एकूण १०० च ठेवायचे, आणि खाली लिहायचं की गोल केल्यामुळे बेरजेत किंचित फरक दिसू शकतो. नाहीतर दशांशच काढून टाका. ३८, ३३, १८, ११ घेतले तर योगायोगाने नेमके शंभर होतात.

तुमच्या खर्चाच्या तक्त्यात लेखापरीक्षक बरोबर होते. मूळ रकमांची आधी बेरीज करून मग एकूण गोल केलं असणार, म्हणून १७०.८. गोल केलेल्या तुकड्यांची बेरीज १७०.७ येऊ शकते. तीन ओळींत ०.१ चा फरक गोल करण्यातून येतो, त्यात काही गैर नाही. फरक १ चा असता तर ते कारण चाललं नसतं, मग चूक शोधायलाच हवी होती.

उंबरठा

थोडं अवांतर. हे सगळे आकडे मजकुरात शोधता कसे? मी परवा एका अहवालात तक्ता दुरुस्त झाल्यावर जुना आकडा शोधला, "सापडला नाही" आलं, निर्धास्त झाले. छापून आल्यावर दिसला. मजकुरात देवनागरी अंक होते आणि मी 10,212 सारखा इंग्रजी अंकांत टाइप करून शोधत होते.

पानपुरवणी

अजिबात अवांतर नाही. लिब्रेऑफिसच्या शोध खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनची खूण करून हे टाका, दोन्ही लिप्यांतले सगळे आकडे एकापाठोपाठ दिसतील:

```
[0-9०-९][0-9०-९,.]*
```

तरीही दोन जागा सुटतात. एक म्हणजे चित्रात गोठलेले आकडे. आलेख, मुखपृष्ठावरचा मोठा आकडा हे डिझायनरने चित्र म्हणून टाकलेलं असतं, शोधात येतच नाही. दुसरी जागा म्हणजे अक्षरी आकडे: साडेअकरा हजार, पाऊणशे, निम्म्याहून अधिक, दर तीनपैकी एक. त्यासाठी कागदावर छापून पेन्सिल घेऊनच बसावं लागतं. मी मजकुरातल्या प्रत्येक आकड्याला क्रमांक देते आणि शेजारी लिहिते, हा कुठल्या पानावरच्या कुठल्या रकान्यातून आला. जिथे लिहिता येत नाही, तो आकडा संस्थेला परत.

एक सवय म्हणून सांगते: मजकुराकडून तक्त्याकडे जा. तक्त्याकडून मजकुराकडे गेलं तर जुळणारे आकडेच डोळ्यांना दिसतात, आणि तक्त्यात मुळीच नसलेला आकडा कायम निसटतो.

सुटे_मणी, मनोगतातलं "साडेअकरा हजारांहून अधिक" तर दोन्ही मोजण्यांनी चूक आहे. ११,४४५ साडेअकरा हजारांच्या आतच आहे. कुणीतरी आधी "जवळपास" लिहिलं असेल आणि नंतर कुणाला ते मिळमिळीत वाटलं असेल. "दहा हजारांहून अधिक व्यक्ती" करून घ्या.

सुटे_मणी

पेन्सिल घेऊन बसले. एकंदर ६१ आकडे निघाले. पाचांचा उगम कुणालाच माहीत नव्हता, ती वाक्यं गेली. एक शंका मात्र आहे. पान पाचवर आहे, "१,२३३ व्यक्तींनी एकाहून अधिक उपक्रमांचा लाभ घेतला." हा आकडा आपल्या वजाबाकीशी जुळतो, म्हणजे बरोबरच ना?

नवाचा_पाढा

वजाबाकीच आहे ती. जास्तीच्या ओळी १,२३३, म्हणजे दुबार माणसं १,२३३. ठेवा.

पानपुरवणी

काका, पुन्हा बारा आणे. प्रत्येक दुबार माणूस नेमक्या दोनच उपक्रमांत असेल तरच हे खरं. जो तीन उपक्रमांत आहे तो एकटाच दोन जास्तीच्या ओळी खातो. म्हणजे १,२३३ ही वरची मर्यादा झाली, खरी संख्या तेवढी किंवा कमी असेल. सहभागी क्रमांकावर पिव्होट टेबल करा, कुणाच्या किती ओळी ते मोजा.

सुटे_मणी

केलं. दोन ओळींचे १,१२१ जण, तीन ओळींचे ५६, चार ओळींचं कुणी नाही. १,१२१ अधिक ५६ दुणे ११२, म्हणजे १,२३३. ताळा जमला! आणि माणसं १,१७७. पान पाचवर १,१७७ केले.

उंबरठा

एक भाबडा प्रश्न. प्रशिक्षणाच्या तुकड्या असतात ना? एकच मुलगी पहिल्या तुकडीत होती आणि नंतर पुढच्या तुकडीतही, तर तिच्या ओळी दोन पण उपक्रम एकच. ती या १,१७७ मध्ये आली का?

पानपुरवणी

अरे हो. हे मी विचारायला हवं होतं. उंबरठा, शाबास. पिव्होट ओळी मोजतं, उपक्रम नाही. क्रमांक आणि उपक्रम ही जोडी घेऊन आधी दुबार ओळी काढा, मग पुन्हा मोजा.

सुटे_मणी

आल्या. प्रशिक्षणात ३१ जण दोन-दोन तुकड्यांत आहेत. बाकी तीन उपक्रमांत एकही नाही. या ३१ पैकी २६ जण फक्त प्रशिक्षणातच होते, म्हणजे ते "एकाहून अधिक उपक्रम" मधून बाहेर पडले. उरलेले पाच जण आणखी एका उपक्रमातही होते, म्हणून ते आत राहिले. १,१७७ वजा २६, आता १,१५१. दोनदा ताडून पाहिलं.

म्हणजे प्रशिक्षणाच्या प्रकरणात "१,२८७ युवक-युवतींनी प्रशिक्षण घेतलं" हेही चूक. माणसं १,२५६ आहेत. तक्त्यात १,२८७ राहू दिले, कारण तिथे आता शीर्षक 'नोंदण्या' आहे आणि गेल्या वर्षीही तुकड्यांच्या ओळी तशाच मोजल्या होत्या.

ठोकताळा

म्हणजे दर दिवशी आकडा कमीच होतोय. छपाईला जाईपर्यंत काय उरेल?

सुटे_मणी

१०,२१२ मात्र हलला नाही, तो पहिल्यापासून माणसांचाच होता.

आज संस्थेत बैठक झाली. नोंदणी आणि व्यक्ती वेगळे ठेवायचं मान्य झालं, तक्त्याखालची ओळही. अडलं एकाच गोष्टीवर. गेल्या वर्षी ९,७०२ ना "व्यक्ती" म्हटलं होतं, तो खुलासा यंदा छापायचा का? सचिव नको म्हणतात, कोषाध्यक्ष हवा म्हणतात. गेल्या वर्षीच्या वह्यांत सहभागी क्रमांकच नाहीत, नुसती नावं आहेत, आणि एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. त्यामुळे तेव्हाची माणसं आता मोजून मिळणार नाहीत.

पानपुरवणी

खुलासा छापावा असं माझं मत. वाढीच्या वाक्याला तळटीप: "गेल्या वर्षीच्या अहवालात ९,७०२ हा आकडा व्यक्ती म्हणून दिला होता, तो नोंदण्यांचा आहे." तो नको असेल तर १८ टक्क्यांचं वाक्यही काढावं लागेल. एक ठेवून दुसरं गाळलं तर जुना अहवाल हातात असलेल्याला "नोंदण्या ९,७०२ वरून" हे वाक्य खटकणारच.

ठोकताळा

मी सचिवांच्या बाजूने. जुनी चूक स्वतःहून उकरून कोण काढतं? वाक्यच काढा.

नवाचा_पाढा

आमच्या खातेवहीत चुकीच्या नोंदीवर रेघ मारून शेजारी सही करायचे, खाली जुना आकडा वाचता यायला हवा. मी कोषाध्यक्षांच्या बाजूने.

सुटे_मणी

उद्या सकाळी ठरेल. दरम्यान डिझायनरकडून नवी पानं आली. मजकुरात सगळं बदललंय, मुखपृष्ठावरच्या चित्रात अजून ११,४४५ आहेत आणि खाली "आयुष्यं". परत पाठवतेय.